केक बसतो, पाव फुगत नाही: दोष पावडरीचा, सोड्याचा की यीस्टचा?

जून संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. मी चिपळूणला राहते, घरून केकच्या ऑर्डरी घेते आणि सुट्टीच्या दिवसांत चार-पाच जणींना शिकवते. पावसाळ्यात त्यांचे फोन ठरलेले असतात: "ताई, मे महिन्यात हाच केक एवढा छान झाला होता, आता विटेसारखा झालाय." कृती तीच, हात तोच, भांडंही तेच. बदललेली असते ती हवा. आणि हवेचा पहिला मार पडतो तो डब्यातल्या पांढऱ्या पावडरीवर.

पण प्रत्येक बिघाड पावडरीचा नसतो. म्हणून डबा फेकण्याआधी पदार्थ काय सांगतोय ते बघा.

आधी लक्षणं

केक वर आलाच नाही, कापल्यावर आत भोकं दिसत नाहीत आणि तळाशी हलव्यासारखा चिकट थर आहे, तर बेकिंग पावडरीवर संशय घ्या. केक आत असताना छान फुगला होता आणि बाहेर काढल्यावर मध्ये खड्डा पडला, तर पावडरीने आपलं काम केलेलं आहे. तो मधून कच्चा राहिला असेल, भाजत असताना झाकण उघडलं गेलं असेल किंवा पावडर जास्त पडली असेल. अशा वेळी नवीन डबा आणून काही उपयोग नाही.

केकला साबणासारखी चव आली आणि रंगही नेहमीपेक्षा गडद आला, तर सोडा शिळा नाही, उलट जास्त झाला आहे किंवा त्याला पुरेसं आंबट मिळालेलं नाही. ढोकळ्यावर लाल ठिपके पडतात ते याच कुळातले. सोड्याचे न विरघळलेले कण हळदीला भेटले की हळद लाल होते. म्हणजे तिथे सोडा ताजाच होता, नीट मिसळला गेला नाही एवढंच.

पावाचं पीठ दोन तासांनी ठेवलं तसंच गोळा होऊन बसलेलं असेल तर यीस्ट तपासा. पीठ आधी भरपूर फुगलं आणि भट्टीत जायच्या आधीच खाली बसलं, तर यीस्टला नावं ठेवू नका. ते जास्त वेळ ठेवलं गेलं.

पैसा न लागणारी तपासणी

पहिल्यांदा डबा उघडा आणि बघा. पावडर मोकळी, मैद्यासारखी सुळसुळीत हवी. बोटाने दाबल्यावर सहज फुटणाऱ्या बारीक गाठी असल्या तर काळजी नाही, पण खडे झाले असतील आणि डब्याच्या कडांना पापुद्रा धरला असेल, तर आत पाणी शिरलेलं आहे. पुढची परीक्षा करायचीही गरज नाही.

तारीख मी सगळ्यात शेवटी बघते. डब्यावरची तारीख बंद डब्याची असते. उघडल्यानंतर तो कुठे ठेवला आणि त्यात कसला चमचा घातला हे कंपनीला कुठून माहीत असणार? मी स्वतः डबा उघडला त्या दिवशी मार्करने झाकणावर महिना लिहिते. उघडल्यापासून सहा महिने झाले की वापरण्याआधी परीक्षा घेतेच. पावसाळा मध्ये येऊन गेला असेल तर त्याहून आधी.

बेकिंग पावडर: फक्त गरम पाणी, लिंबू नाही

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बेकिंग पावडरीत तीन गोष्टी असतात: खायचा सोडा, कोरड्या स्वरूपातलं एखादं आम्ल आणि कॉर्नफ्लॉवरसारखा स्टार्च. कोरडे असेपर्यंत सोडा आणि आम्ल एकमेकांशेजारी गुपचूप बसतात. पाणी लागलं की भिडतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच केक फुगवतो. स्टार्च मध्ये राखणदार म्हणून असतो, हवेतला थोडासा ओलावा तो आपल्याकडे ओढून घेतो. पण राखणदाराची ताकद किती? रोज दमट हवा आत येत राहिली की ही भेट डब्यातच होऊन जाते. गॅस तिथेच उडून जातो आणि उरते ती नुसती खारट भुकटी.

परीक्षा अशी: काचेच्या ग्लासात पाव कपाहून थोडं जास्त, साधारण ८० मिली, वाफा येणारं गरम पाणी घ्या. त्यात सपाट एक छोटा चमचा, म्हणजे मापाचा ५ मिलीचा, पावडर टाका. जिवंत पावडर लगेच उसळते. पृष्ठभाग फेसाने भरतो, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते आणि ही गडबड काही क्षण चालू राहते. मेलेली पावडर तळाशी जाते आणि पाणी गढूळ होतं, बास.

अडचण येते ती अर्धमेल्या पावडरीची, कारण तिच्यातही थोडे बुडबुडे येतात. नुसतं कॉर्नफ्लॉवर गरम पाण्यात टाकलं तरी अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे वर येतात. म्हणून "बुडबुडे आले" हे उत्तर नाही. किती आले आणि किती वेळ येत राहिले ते बघायचं. शक्य असेल तर शेजारणीकडून नव्या डब्यातली एक चमचा पावडर आणा आणि दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवा. डोळ्याला फरक लगेच कळतो.

आता लिंबू का नको? लिंबू किंवा व्हिनेगर टाकलं की आम्ल तुम्ही बाहेरून दिलंत. मग तुम्ही तपासलात तो पावडरीत उरलेला सोडा. तिच्यातलं स्वतःचं आम्ल काम करतंय का, हे कळलंच नाही. केकच्या पिठात ती पावडर जाईल तेव्हा लिंबू थोडंच सोबत असणार आहे.

गेल्या जुलैमध्ये शेजारच्या वहिनींचं हेच झालं. दीड कप मैदा, दीड छोटा चमचा पावडर, शिट्टी आणि रबर काढून कुकरमध्ये मीठ तापवून भाजलेला केक. निघाला तो दोन बोटं उंचीचा, खाली चिकट. त्यांनी कुठेतरी पाहून पावडरीवर लिंबू पिळून बघितलं, फेस आला. म्हणून पावडर चांगली आहे असं ठरवलं आणि दुसऱ्यांदा केक करताना चक्क तीन चमचे पावडर घातली. केक थोडा वर आला खरा, पण चव खारट-कडवट. मुलांनी एकेक घास खाऊन ताटली सरकवली.

"अगं, तारीख पुढच्या वर्षीची आहे," वहिनी मला डबा दाखवत म्हणाल्या.

मी माझा डबा घेऊन गेले. दोन ग्लास, दोघांत एकाच पातेल्यातलं गरम पाणी, एकेक चमचा पावडर. माझ्या ग्लासात पांढरा फेस वर चढला आणि चुरचुरत राहिला. त्यांच्या ग्लासात सुरुवातीला थोडे बुडबुडे दिसले, मग सगळं शांत आणि तळाशी स्टार्चचा पांढरा थर. वहिनी नुसत्या बघत राहिल्या. दुप्पट पावडर घालून का जमलं नाही तेही त्यातून कळलं: गॅस गेला तरी क्षार मागे राहतात. मेलेल्या पावडरीचं प्रमाण वाढवलं की फुगणं फारसं वाढत नाही, क्षारांची चव मात्र वाढते.

मग डबा ठेवता कुठे म्हणून विचारलं, तर गॅसच्या वरच्या फळीवर, चहा-साखरेच्या शेजारी. रोज भाताच्या कुकरची वाफ थेट त्या फळीवर जाते. शिवाय चमचा धुऊन, झटकून तसाच डब्यात. चार महिन्यांत एवढं पुरे झालं. त्याच संध्याकाळी नवीन पावडरीने त्याच मापात केक केला, तो भांड्याच्या काठाला लागला.

खायचा सोडा: हा सहसा मरत नाही

सोड्यात आम्ल नसतंच, त्यामुळे दमट हवेत त्याला भिडायला जोडीदार नाही. कोरडा सोडा बराच काळ टिकतो. तरीही खात्री करायची असेल तर इथे मात्र आंबटच लागतं: वाटीत दोन छोटे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि त्यावर पाव चमचा सोडा. तो पडताक्षणी फसफसून वर यायला हवा. इथे नुसत्या गरम पाण्याची परीक्षा चालणार नाही, कारण आंबटाशिवाय ताजा सोडाही जेमतेमच उसळतो आणि चांगला सोडा फेकून द्याल.

या परीक्षेत सोडा पास झाला, आणि बहुतेक होतोच, तर चूक कृतीत शोधा. कृतीत दही, ताक, लिंबू, व्हिनेगर असं काही आंबट आहे का? की बेकिंग पावडर संपली म्हणून तुम्ही तेवढाच सोडा घातलात? सोडा पावडरीच्या तिपटीहून जास्त तेज असतो. एक कप मैद्याला साधारण एक चमचा पावडर लागते, तिथे सोडा पाव चमचा पुरतो, तोही आंबट सोबत असेल तरच. आणि सोडा घातलेलं पीठ ठेवून देऊ नका. आंबटाशी त्याची गाठ पडली की गॅस लगेच सुटायला लागतो. पाहुणे यायला वेळ आहे म्हणून ढोकळ्याचं पीठ सोडा घालून तासभर ठेवलं, तर वाफवायच्या वेळी आत काही उरलेलं नसतं. इनोसारख्या फ्रूट सॉल्टचंही तसंच, तो तर पाणी लागलं की निघालाच.

सोड्याची खरी अडचण दुसरी: तो वास ओढतो. फ्रिजमधला वास जावा म्हणून वाटीत उघडा ठेवलेला सोडा नंतर स्वयंपाकात वापरू नका. तो सिंक घासायला ठेवा.

आणि एक गोष्ट. घरात पुडीतला, नाव नसलेला पांढरा पदार्थ सापडला तर तो सोडाच आहे असं समजून चाखू नका आणि परीक्षाही घेत बसू नका. धुण्याचा सोडा आणि पापडखारसुद्धा लिंबावर फसफसतात, त्यामुळे फेस आला म्हणजे खायचा सोडा असं सिद्ध होत नाही. साबण करायचा किंवा मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा तर तोंड आणि अन्ननलिका जाळतो. तो कुणाच्या तोंडात गेलाच तर पाण्याने चूळ भरायला लावा, उलटी करवू नका आणि थेट दवाखाना गाठा. इथे घरगुती उपाय नाहीत.

यीस्ट: हा खरोखरच जिवंत असतो

पावडर आणि सोडा म्हणजे रसायनं, यीस्ट म्हणजे जीव. त्याला खाऊ आणि ऊब दिली की कळतं.

एका वाटीत दोन मोठे चमचे कोमट पाणी, अर्धा छोटा चमचा साखर आणि अर्धा छोटा चमचा कोरडं यीस्ट घ्या. ढवळा, झाकून दहा मिनिटं ठेवा. जिवंत यीस्ट आधी फिकट ढगासारखं वर येतं, मग पृष्ठभागावर जाड, फेसाळ साय धरते आणि ताज्या पावासारखा वास येतो. पंधरा मिनिटांनीही पाणी फक्त मातकट दिसत असेल तर यीस्ट गेलं.

पण फेकण्याआधी एकदा पाण्याची चौकशी करा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा यीस्ट आधीच मेलेलं नसतं, परीक्षेतच मारलेलं असतं. कोरड्या यीस्टला ३८ ते ४३ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. ५५-६० च्या पुढे ते मरतं. थर्मामीटर नसेल तर बाळाच्या दुधाची बाटली तपासतो तसा थेंब मनगटावर टाका. सुखद ऊब लागली पाहिजे, चटका अजिबात नाही. "कडकडीत असलं की लवकर फुगेल" हा समज किती पाव बुडवून गेला असेल, मोजदाद नाही. म्हणून पहिली परीक्षा नापास झाली तर पाणी थोडं निववून एकदाच परत करा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर मात्र पाकीट टाका. या परीक्षेत मीठ घालू नका, साखरही चमचाभर ओतू नका. दोन्ही यीस्टमधलं पाणी ओढून घेतात.

यीस्ट वाटीत पास झालं आणि पीठ तरी फुगत नसेल, तर मी पुढची परीक्षा घेते. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा उभ्या, अरुंद ग्लासात दाबून ठेवते आणि पिठाच्या उंचीवर बाहेरून रबर लावते. उबदार जागी ठेवल्यावर तासा-दीड तासात पीठ रबराच्या दुप्पट उंचीला यायला हवं. हा गोळा फुगला आणि मोठा गोळा थंडच आहे, तर अडचण जागेची आहे. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडच्या स्वयंपाकघरात यीस्ट मेलेलं नसतं, गारठलेलं असतं, त्याला आणखी वेळ द्या. ग्लासातलाही हलला नाही, तर मीठ जास्त पडलंय का, मीठ थेट यीस्टवर टाकलं होतं का, ते आठवा.

गावातल्या बेकरीतून ओलं यीस्ट आणत असाल तर वेगळं बघायचं. ते फिकट, सायीच्या रंगाचं आणि दाबल्यावर कोरडं तुटणारं हवं. कडा तपकिरी झाल्या, हाताला बुळबुळीत लागलं किंवा उग्र वास आला तर परीक्षाही नको. फ्रिजमध्ये ते दोन आठवड्यांच्या आसपासच टिकतं, म्हणून लागेल तेवढंच आणा.

ठेवायचं कुठे

तिघांची जागा एक नाही, हे लक्षात आलं की निम्मा त्रास संपतो.

बेकिंग पावडर फ्रिजमध्ये ठेवू नका. वाचायला विचित्र वाटेल, कारण आपल्याला थंड म्हणजे सुरक्षित वाटतं. पण थंड डबा पावसाळी हवेत उघडला की आत दव धरतं, जसं फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बाहेरून पाणी जमतं. तो ओलावा थेट पावडरीत. तिची जागा गॅसपासून लांब, खालच्या कोरड्या कपाटात, घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात. मोठा डबा स्वस्त पडतो, पण महिन्याला एकच केक होत असेल तर तो संपेपर्यंत अर्धा मेलेला असतो. छोटाच घ्या. चमचा कोरडा, आणि डबा गरम पातेल्यावर धरून उघडायचा नाही. मोजून घ्या, झाकण लावा, मग पातेल्याकडे वळा.

सोड्यालाही तीच जागा, फक्त मसाल्यांच्या शेजारी नको. हिंगाच्या डबीशेजारी ठेवलेल्या सोड्याने माझी एक बॅच नानकटाई हिंगाळली होती. गिऱ्हाईक सभ्य होतं म्हणून वाचले.

कोरडं यीस्ट मात्र उलट. ते बंद पाकिटात असेपर्यंत बाहेर कपाटात चालतं. उघडल्यावर पाकिटाची घडी घालून, चिमटा लावून ते हवाबंद बरणीत आणि बरणी फ्रिजमध्ये. तिथे ते साधारण चार महिने नीट काम देतं, फ्रीझरमध्ये सहा. मग दवाचं काय? म्हणूनच बरणी ओट्यावर ठेवून मैदा चाळत बसायचं नाही. आधी सगळं साहित्य मोजून घ्या, शेवटी बरणी काढा, यीस्ट घ्या आणि लगेच परत आत ठेवा.

सगळं पास झालं, तरी केक बसतोच

मग डब्यांचा पिच्छा सोडा. ओटीजी असेल तर एक ओव्हन थर्मामीटर विकत घ्या, १८० वर लावून वीस मिनिटं तापवा आणि काचेतून वाचा. पाच-दहा अंश इकडेतिकडे सगळ्यांचेच असतात. पंचवीस-तीस अंशांचा फरक असेल, किंवा काटा वर-खाली भरकटत असेल, तर थर्मोस्टॅट किंवा कॉइल गेलेली आहे. थंड ओव्हनमध्ये पावडरीचा गॅस पीठ घट्ट होण्याआधीच निसटतो आणि तुम्हाला वाटतं पावडर शिळी. इथे थांबा. मागचं पॅनल स्वतः उघडू नका, आत घरचा पूर्ण विद्युतप्रवाह असतो. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला किंवा ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो आला की थर्मामीटर आत ठेवूनच दुरुस्ती तपासून घ्या आणि पुन्हा १८० दिसेपर्यंत पैसे देऊ नका.